विमान रद्द झालं, कामावर कसं कळवायचं?

गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईने आम्हाला प्रश्न विचारला होता. "सुट्टीला गेले, परतीचं विमान रद्द झालं, चार दिवस उशीर झाला. मी फोन केला होता, तरी बाईंनी बिनपगारी लावली आणि वर बोलल्या की न सांगता राहिलीस. मी सांगितलं होतं की नव्हतं?" आम्ही तिला विचारलं, फोन कुणाला केला? तर म्हणाली, सोबतच्या मैत्रिणीला. काय सांगितलं? "येणं लांबलं म्हणून सांग." आजच्या बोलण्यात आपण हेच नीट पाहणार आहोत. सांगणं आणि कळवणं यांत फरक असतो.

पहिल्यांदा एक शंका दूर करू. विमान हा आपला विषय आहे का? आता आहे. नांदेडला विमानतळ आहे. लातूरला धावपट्टी आहे, पण नेहमीची प्रवासी विमानं नाहीत, म्हणून लातूरकर नांदेड, हैदराबाद नाहीतर पुणे गाठतात. मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला लागला की आईबापाला एकदा तरी विमानात बसवतो. आपल्या गटांतल्या कितीतरी जणी दवाखान्यात, शाळेत, कारखान्यात, दुकानात पगारावर आहेत. त्यांची रजा मोजून मिळालेली असते. एस.टी. चुकली तर दोन तासांनी दुसरी मिळते. विमानाचं तसं नाही. लहान शहराला रोज विमान नसतं, पुढचं असलं तरी भरलेलं असतं, त्यामुळे एक विमान रद्द झालं की उशीर तासांचा न राहता दिवसांचा होतो.

आता खरी घडलेली गोष्ट घेऊ. साल २०२५, मे महिना. ६ आणि ७ मेच्या मधल्या रात्री ऑपरेशन सिंदूर झालं. ७ मेच्या सकाळी उत्तर आणि पश्चिम भारतातले अनेक विमानतळ प्रवाशांसाठी बंद झाले. त्यात श्रीनगर, जम्मू, अमृतसर होतं. अमृतसर म्हटलं की नांदेडकरांना वेगळं सांगायला नको. हुजूर साहिबची नगरी आणि हरमंदिर साहिबची नगरी यांच्यात रोज सचखंड एक्सप्रेस धावते आणि आपल्याकडची माणसं तिकडे जात असतात. मे महिना तर सुट्ट्यांचाच.

त्या दिवसांत तारखा कशा बदलत गेल्या ते नीट ऐका, कारण आपला सगळा धडा त्यातच आहे. ७ मेला सांगितलं गेलं, विमानतळ १० मेच्या पहाटेपर्यंत बंद. ९ मेला ती मुदत वाढली, आता ३२ विमानतळ १५ मेच्या पहाटेपर्यंत बंद. मग १० मेच्या संध्याकाळी लढाई थांबली आणि १२ मेला ते विमानतळ मुदतीआधीच उघडले. लोकांनी हुश्श केलं. पण १३ मेला काही कंपन्यांनी अमृतसर, जम्मू, श्रीनगरसारख्या ठिकाणची विमानं पुन्हा एक दिवस रद्द केली. म्हणजे आठवडाभरात "कधी येणार?" या एका प्रश्नाचं उत्तर चार वेळा बदललं.

आता समजा, नांदेडची एक ताई त्या वेळी अमृतसरला अडकली आहे. ती एका खासगी दवाखान्यात वॉर्डात आया म्हणून काम करते. तिने सोमवार ५ मे ते शुक्रवार ९ मे अशी रजा घेतली. जाताना रेल्वेने गेली. येताना मुलाने ८ मेचं अमृतसर ते हैदराबाद विमानाचं तिकीट काढून दिलं, तिथून रात्रीच्या गाडीने नांदेड. शनिवारी १० मेला सकाळच्या पाळीत हजर व्हायचं. आणि बुधवारी ७ मेला सकाळीच मोबाईलवर संदेश आला, आपलं विमान रद्द.

तिने सगळ्यात आधी काय करावं? बरेच जण म्हणतील, दुसरं तिकीट शोधावं. आम्ही म्हणतो, तासाभरात कामावर कळवावं, तिकीट त्यानंतर. कारण सोपं आहे. तिकीट मिळायला दोन दिवस लागतील. पण वॉर्डात १० तारखेच्या सकाळी कुणाला उभं करायचं, हे इनचार्ज सिस्टरला आजच ठरवायचं असतं. त्यांना बुधवारी कळलं तर तीन दिवस हातात आहेत. शुक्रवारी रात्री कळलं तर कुणाची तरी सुट्टी मोडावी लागेल आणि राग आपल्यावर निघेल. मालकाला उशिराचा त्रास होतो, पण त्याहून जास्त त्रास उशिरा कळण्याचा होतो.

कळवायचं कुणाला? ज्यांनी रजा मंजूर केली, त्यांना. सोबतच्या बाईला नाही, वॉचमनला नाही. आधी फोन करायचा. फोन उचलला नाही तर मिस्ड कॉलला कळवणं म्हणत नाहीत. फोन लागो वा न लागो, त्यापाठोपाठ लेखी संदेश पाठवायचाच. बोललेलं हवेत जातं आणि पंधरा दिवसांनी पगार काढताना हिशेबनीस लिहिलेलं पाहतो. बोलून पाठवलेला आवाजाचा संदेशही चालेल, पण तोही सगळ्यांनाच वेळेवर ऐकता येत नाही. लिहिता येत नसेल तर मुलाकडून, नातीकडून चार ओळी लिहून घ्याव्यात.

त्या चार ओळींत काय असावं? आमच्या मते पाच गोष्टी पुरतात. काय झालं, कोणत्या तारखेला येऊ शकत नाही, अंदाजे कधी येईन, पुन्हा कधी कळवेन आणि माझ्या कामाचं काय. आपल्या ताईचा पहिला संदेश असा असेल:

"सिस्टर, नमस्कार. मी रजेवर अमृतसरला आहे. माझं ८ मेचं परतीचं विमान कंपनीने आज रद्द केलं. इथला विमानतळ १० मेच्या पहाटेपर्यंत बंद आहे. त्यामुळे शनिवारी १० मेला सकाळच्या पाळीत मी हजर होऊ शकणार नाही. दुसऱ्या तिकिटाचा प्रयत्न चालू आहे. सोमवार १२ मेच्या आधी येणं होणार नाही असं दिसतं, तारीख अजून पक्की नाही. ९ मेला संध्याकाळपर्यंत मी पुन्हा कळवते. वॉर्डाच्या कपाटाची किल्ली दुसऱ्या पाळीच्या ताईंकडे दिलेली आहे. विमान रद्द झाल्याचा संदेश सोबत पाठवते. कृपया मिळाल्याचं कळवावं."

या संदेशात काय नाही तेही पाहा. रडगाणं नाही. युद्धाच्या बातम्या नाहीत. दहा वेळा माफी नाही. आणि मुख्य म्हणजे "११ तारखेला नक्की येते" असं खोटं वचन नाही. आपल्याला वाटतं, जवळची तारीख सांगितली की साहेबांना बरं वाटेल. बरं वाटतं, पण एकच दिवस. ती तारीख चुकली की दुसऱ्यांदा पाळी बदलावी लागते आणि मग आपलं खरंही खोटं वाटू लागतं. त्यापेक्षा "अमुक तारखेच्या आधी नाही" हे सांगणं प्रामाणिक आणि त्यांच्याही सोयीचं. येण्याची तारीख आपल्या हातात नसली तरी पुन्हा कळवण्याची तारीख आपल्या हातात असते. तिचं वचन द्यावं आणि ते पाळावं.

आता ९ मे उजाडला. बंदी १५ पर्यंत वाढली. ताईने संध्याकाळी कळवायचं कबूल केलंय. काहीच ठरलेलं नसतं तरी तिने "अजून काही ठरलं नाही" एवढं तरी कळवायला हवं होतं. पण तिने दिवसभरात रेल्वेची चौकशी केली. सचखंड एक्सप्रेसचं मंगळवार १३ मेचं आरक्षण मिळालं. ती गाडी अमृतसरहून नांदेडला यायला दीड दिवसाच्या आसपास घेते, म्हणजे १४ मेला घरी. इथे मोह होतो की १४ लाच पाळीवर येते म्हणावं. तसं म्हणू नये. लांबच्या गाडीला उशीर होऊ शकतो आणि इतक्या प्रवासानंतर उभ्याने काम करणंही अवघड. म्हणून दुसरा संदेश:

"सिस्टर, ठरल्याप्रमाणे कळवते. विमानतळाची बंदी १५ मेपर्यंत वाढली आहे. म्हणून मी १३ मेच्या सचखंड एक्सप्रेसचं तिकीट काढलं, ते पक्कं आहे, सोबत पाठवते. १४ मेला नांदेडला पोहोचेन आणि गुरुवारी १५ मेला सकाळच्या पाळीत हजर होईन. १० ते १४ मे या पाच दिवसांत रविवार माझी साप्ताहिक सुट्टी आहे. उरलेल्या चार दिवसांपैकी दोन दिवस माझी शिल्लक रजा धरावी आणि दोन दिवस बिनपगारी धरावेत किंवा पुढे जादा पाळी करून भरून घ्यावेत, ही विनंती. आपण सांगाल तसं."

रजेचा हिशेब आपणच मांडला, हे लक्षात घ्या. पुष्कळ जणी हा विषय काढतच नाहीत, वाटतं की निभावून जाईल. मग पगाराच्या दिवशी चार दिवस कापलेले दिसतात आणि भांडण होतं. विमान आपल्यामुळे रद्द झालं नाही हे खरं. पण त्यामुळे मालकाने न केलेल्या कामाचा पगार दिलाच पाहिजे, असं आपोआप होत नाही. शिल्लक रजा असेल तर ती मागता येते, नसेल तर बिनपगारी. आपण मागतो ते एवढंच, की या दिवसांची नोंद "न सांगता गैरहजर" अशी होऊ नये. आणि "मंजूर आहे" असं उत्तर लेखी मिळेपर्यंत थांबू नये, एकदा आठवण करावी. मोबाईलवर निळ्या खुणा दिसल्या म्हणजे वाचलं एवढंच कळतं, मंजूर झालं असं होत नाही.

पुढे १२ मे आला. विमानतळ उघडले. बातमी टीव्हीवर आली, ती सिस्टरनेही पाहिली. आता विचार करा, त्यांच्या मनात काय येईल? विमानं सुरू झाली, मग ही अजून तिकडेच कशी? म्हणून या दिवशी काही बदललेलं नसतानाही तिसरा छोटा संदेश पाठवायचा: "विमानतळ उघडल्याची बातमी आपण पाहिली असेल. पण विमानं अजून सुरळीत नाहीत. माझं उद्याचं रेल्वेचं तिकीट पक्कं आहे, त्यानेच येते. १५ मेला सकाळी हजर होते." पक्कं तिकीट सोडून विमानाच्या मागे लागली असती तर १३ तारखेला रद्द झालेल्या विमानात तिचंही नाव लागू शकलं असतं. कामावर एक तारीख दिली की चार तास वाचवण्यासाठी ती धोक्यात घालू नये.

आता पुराव्याबद्दल. विमान रद्द झाल्याचा कंपनीचा संदेश किंवा ई-मेल हा मुख्य पुरावा. त्यात विमानाचा नंबर, तारीख आणि "रद्द" हा शब्द असतो. त्याचा फोटो काढून ठेवावा, जुने संदेश मोबाईलमधून पुसले जातात. काही वेळा कंपनी "वेळ बदलली" असं कळवते आणि पुढची तारीख देते. तेव्हा तोच संदेश जपावा. पण तिकिटाचा फोटो कामाच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नका. तिकिटावर सहा अक्षर-अंकांचा आरक्षण क्रमांक असतो. तो आणि आपलं आडनाव मिळालं की दुसरं कुणीही आपल्या आरक्षणात शिरू शकतं. पाठवायचं ते रजा मंजूर करणाऱ्यालाच. कंपनीचा फोन नंबर इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो लावू नये. तिथे ठगांचे नंबर पसरलेले असतात. तिकिटावर छापलेला नंबरच वापरावा आणि पैसे परत मिळवून देतो म्हणून कुणी ओ.टी.पी. मागितला तर फोन ठेवून द्यावा.

पैशाचंही थोडक्यात. कंपनीने विमान रद्द केलं तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पैसे परत, यातलं एक आपण निवडायचं असतं. विमानवाहतूक संचालनालयाचा तसा नियम आहे. काही वेळा वर भरपाईही मिळते. पण युद्ध, वादळ, सरकारी बंदी अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाला भरपाई मिळत नाही, पैसे मात्र परत मिळतात. मे महिन्यातली बंदी त्यातलीच होती. आपल्या ताईने पैसे परत घेतले आणि त्यातून रेल्वेचं तिकीट काढलं. ज्या खात्यातून तिकीट काढलं त्याच खात्यात पैसे येतात, म्हणजे मुलाच्या खात्यात. एजंटाकडून काढलं असेल तरी पैसे परत करण्याची जबाबदारी नियमाने विमान कंपनीचीच असते.

आता नियमाची बाजू, कारण खरी भीती नोकरीची असते. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखाली केंद्राने नमुना आदेश केले होते. त्यांत असं होतं की कामगार मंजूर रजेपेक्षा जास्त दिवस राहिला, तर रजा संपल्यापासून आठ दिवसांत परत येऊन समाधानकारक कारण दिलं नाही तर त्याचा नोकरीवरचा हक्क जातो. आठ दिवस आणि कारण, दोन्ही लागतात. नुसतं आठ दिवसांत येऊन गप्प बसून चालत नाही. मोठ्या कारखान्यांचे नियम बहुतेक याच धर्तीचे असतात. लहान दवाखान्यात, दुकानात असे छापील नियम नसतात. तिथे नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते पाहावं. नेमणूकपत्रच नसेल, आणि बऱ्याच जणींचं नसतं, तर मोबाईलवरचे तीन संदेश हेच आपलं कागदपत्र.

ज्या मैत्रिणींची मुलं आखातात आहेत त्यांनी हे अधिक ध्यानात ठेवावं. दुबई ज्या देशात आहे, त्या संयुक्त अरब अमिरातीच्या कामगार कायद्यात मान्य होईल असं कारण न देता सलग सात दिवसांहून जास्त गैरहजर राहिलं तर नोटीस न देता काढता येतं. मुलगा गावी सुट्टीला आला आणि परतीचं विमान रद्द झालं, तर त्याने त्याच दिवशी कंपनीच्या ई-मेलवर रद्द झाल्याचा पुरावा पाठवावा. तिकडच्या मित्राला "साहेबांना सांग" म्हणणं पुरेसं नाही. आपल्या बैठकीतल्या ताईने जी चूक केली तीच ही.

शेवटी दोन चुका सांगतो, कारण त्या आम्ही पुन्हा पुन्हा ऐकल्या आहेत. पहिली, आजारपणाचं खोटं कारण. विमान रद्द झालं हे कुणी मानणार नाही असं वाटून काही जणी "ताप आला" म्हणतात. मग दवाखान्याचा दाखला मागतात आणि तो कुठून आणायचा? खरं कारण सिद्ध करायला आपल्याकडे कंपनीचा संदेश आहे, खोट्याला काहीच नाही. दुसरी चूक, स्टेटसवरचे फोटो. अडकलेल्या दिवसांत देवदर्शनाला गेलात तर त्यात गैर काही नाही. पण इकडे कुणीतरी आपली पाळी ओढत असतं. बाजारातले हसरे फोटो तिने पाहिले तर तिला काय वाटेल? घरी येऊन दाखवा.

आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं? दहा मिनिटं आधी पोहोचून सिस्टरला भेटायचं, रद्द झाल्याचा संदेश आणि रेल्वेचं तिकीट दाखवायचं, रजेच्या वहीत त्या पाच दिवसांपुढे काय लिहिलंय ते स्वतः पाहून घ्यायचं. नोंद चुकीची असेल तर त्याच दिवशी बोलायचं, पगाराची वाट पाहायची नाही. आणि जिने आपली पाळी केली तिला पहिली सुट्टी आपण द्यायची.

पुढच्या बैठकीत एवढं करा. ज्या पगारावर आहेत, त्यांनी आपली रजा कोण मंजूर करतं त्याचं नाव आणि नंबर एका कागदावर लिहून आणायचा. पुष्कळ जणींकडे तो नंबर नसतो, असा आमचा अनुभव आहे. प्रवासाला निघताना तो कागद पर्समध्ये, तिकिटाच्या शेजारी ठेवायचा.